शिलाई वर्कशॉपला जॉब कॉस्टिंग आणि केमिकल कारखान्याला प्रोसेस कॉस्टिंग का?

प्रश्न: आमचं नाशिकला पंचवटीत शिलाईचं वर्कशॉप आहे आणि भाऊ अंबड एमआयडीसीत केमिकल कारखान्यात अकाउंट्सला आहे. त्याची खर्च काढायची पद्धत आमच्याकडे का चालत नाही?

उत्तर:

तुमच्याकडचा प्रत्येक कपडा कोणत्या गिऱ्हाइकाचा आहे ते शेवटपर्यंत ओळखता येतं, म्हणून खर्चही त्या कपड्याच्या नावावर गोळा होतो. भावाच्या कारखान्यात एक किलो दुसऱ्या किलोसारखाच असतो. तिथे खर्च आधी टप्प्यावर गोळा करतात आणि मग किलोंवर वाटतात.

तुमचं काम जॉब कार्डावर चालतं. समजा, अस्तराचा ब्लाउज आहे आणि कापड गिऱ्हाइकाने आणलंय. अस्तर ६० रुपये, हुक-धागा १५ रुपये, कारागिराची मजुरी १८० रुपये. एवढं सगळेच धरतात. गाडी अडते ती भाडं, वीज आणि कटिंग मास्टरच्या पगारापाशी. बरेच जण हा खर्च मालाच्या किमतीवर टक्केवारीने लावतात. शिलाईत तसं करू नका, कारण मुख्य कापड बहुधा गिऱ्हाइकाचंच असतं. ज्याने अस्तरसुद्धा स्वतः आणलं त्याच्या कपड्यावर भाड्याचा भार जवळपास शून्य येईल, आणि तुमच्या कापडातून शिवलेल्या शेरवानीवर तो भरमसाट चढेल. शिवणारा माणूस मशीनवर किती वेळ बसला, हाच इथे खरा आधार आहे.

भाडं, वीज, मास्टरचा पगार मिळून महिन्याला ३६,००० रुपये आणि तीन कारागिरांचे मिळून ६०० तास धरले, तर तासाला ६० रुपये पडतात. ब्लाउजला तीन तास लागले तर १८० रुपये. म्हणजे एकूण खर्च ४३५ रुपये, नफा त्यावर. अल्टरला परत आलेल्या कपड्याचा अर्धा तासही त्याच कार्डावर लिहा, नाहीतर कोणत्या प्रकारच्या कामात नफा झिरपतोय ते दिसणारच नाही.

ते ६०० तास मात्र वर्षाच्या सरासरीवरून धरा. चातुर्मासात काम कमी असताना त्या महिन्याच्या तासांनी भागलं, तर तोच ब्लाउज श्रावणात महाग आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या गर्दीत स्वस्त दिसेल. शाळेच्या ३०० गणवेशांची ऑर्डर आली तर सगळ्या लॉटचं एकच कार्ड करा आणि शेवटी ३०० ने भागा. यालाच बॅच कॉस्टिंग म्हणतात, जॉबचाच तो एक प्रकार.

आता भावाकडे. तिथे जॉब कार्ड लिहायचं तरी कोणाच्या नावाने? पण तिथे एक वेगळीच अडचण असते: माल घटतो. काही वाफ होऊन जातो, काही गाळात राहतो. एका टप्प्यात १,००० किलो कच्चा माल घातला, त्याचे ८०,००० रुपये. मजुरी ८,५०० आणि वाफ, वीज व इतर खर्च २०,००० धरून एकूण १,०८,५०० रुपये. दहा टक्के घट नेहमीचीच, आणि तो १०० किलो टाकाऊ माल पाच रुपये किलोने विकून ५०० रुपये येतात. उरलेले १,०८,००० रुपये अपेक्षित ९०० किलोंवर वाटले की दर १२० रुपये किलो.

प्रत्यक्षात ८८० किलोच निघाले तर? भागायचं तरीही ९०० नेच. जास्तीचे २० किलो म्हणजे अ‍ॅबनॉर्मल लॉस. त्याचे २,४०० रुपये वेगळ्या खात्यात जातात, त्यातून टाकाऊ मालाचे १०० वजा होतात आणि २,३०० रुपये थेट नफा-तोटा खात्यात नुकसान म्हणून दिसतात. ८८० ने भागलं असतं तर दर १२२.६१ झाला असता, आणि गळका व्हॉल्व्ह किंवा चुकलेलं तापमान त्या अडीच रुपयांत लपून गेलं असतं. माझ्या मते प्रोसेस कॉस्टिंगचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

महिनाअखेरीला रिअ‍ॅक्टरमध्ये २०० किलो अर्धवट माल असेल तर तो समतुल्य एककांत मोजतात. कच्चा माल सुरुवातीलाच पूर्ण पडलाय म्हणून त्यासाठी २०० किलो, पण मजुरी आणि वाफ निम्मीच लागली म्हणून त्यासाठी १०० किलो. दोन्हीला एकच आकडा लावला की शिल्लक मालाची किंमत चुकते आणि त्या महिन्याचा नफाही.

एक अपवाद भावाला सांगून ठेवा. एखाद्या गिऱ्हाइकाने स्वतःच्या फॉर्म्युल्याचा एकच खास लॉट करून मागितला, तर केमिकल कारखान्यातही त्या लॉटचं वेगळं जॉब कार्डच उघडावं लागतं. मागच्या मालाचा अंश राहू नये म्हणून त्या लॉटसाठी रिअ‍ॅक्टर मुद्दाम धुवावा लागला, तर तो खर्चही त्याच कार्डावर टाकायचा.