‘पॅटिना’ला राप म्हणावे की कळंक?

“आजोबांच्या टोपी-चष्म्यातल्या फोटोवरून ब्राँझचा पुतळा किंवा संगमरवरी बस्ट वाटेल असे चित्र एआयकडून करून घ्यायचे आहे. सूचना मराठीतच लिहायची आहे. पॅटिना, बस्ट, पेडेस्टल आणि म्युझियम लायटिंग यांना कोणते शब्द वापरावेत?”

यांतला अवघड शब्द ‘पॅटिना’ हाच आहे, कारण मराठीत त्याच्या दोन रूपांना दोन वेगळे शब्द आहेत. तांब्या-पितळेवर हिरवे चढते तो कळंक. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, असे आपण म्हणतो ते त्यावरूनच. वापराने, धुराने आणि हाताळण्याने जी काळसर तपकिरी कांती येते, तिला मी राप म्हणेन. ‘गंज’ मात्र टाळावा, कारण तो लोखंडाचा. त्या शब्दाने लालसर, पापुद्रे सुटलेला पृष्ठभाग डोळ्यांपुढे येतो आणि ब्राँझ तसे कधीच दिसत नाही.

आता यांपैकी कोणता शब्द लिहायचा, हे पुतळा कुठे उभा आहे यावर ठरते. ओतशाळेत पुतळा ज्योतीने तापवून त्यावर कुंचल्याने रसायने लावतात: गंधकयुक्त रसायनाने तपकिरी ते काळी छटा येते, तांब्याच्या नायट्रेटने हिरवी-निळी येते आणि शेवटी वरून मेण चढवतात. चौकातल्या पुतळ्यावर पुढे पावसाचे पाणी जिथून ओघळते तिथे फिकट हिरवे पट्टे उमटतात, तर हनुवटीखालचा आडोसा काळाच राहतो. म्हणून संग्रहालयाच्या दालनातला प्रकाश मागून त्याच सूचनेत हिरवे ओघळही मागितले, तर चित्र स्वतःशीच भांडू लागते. आजोबा दालनात असतील तर त्यांना राप द्यावा. कळंकाचे ओघळ हवेच असतील तर त्यांना बाहेर पावसात उभे करावे.

एक सावधगिरी मी चुकून शिकलो. मी नुसते ‘रापलेला चेहरा’ असे लिहिले होते, आणि उन्हातान्हात राबलेल्या माणसाचे सुरेख चित्र हाती आले; धातूचा त्यात मागमूस नव्हता. तेव्हा राप नेहमी धातूला जोडून लिहावा. ‘काशाचा पुतळा’ हेही जपूनच लिहावे, कारण आपल्या मनातले कासे म्हणजे तळपाय घासायची ती पिवळट चकचकीत वाटी. तिच्यात कथील पुतळ्याच्या ब्राँझपेक्षा बरेच जास्त असते आणि तिचा रंगही वेगळा असतो. ‘ब्राँझ’ किंवा ‘कांस्य’ पुरेसे आहे.

‘बस्ट’साठी वर्तमानपत्री शब्द अर्धपुतळा किंवा अर्धाकृती पुतळा हा आहे, पण ‘अर्ध’ म्हणजे कमरेपर्यंत असाही अर्थ होऊ शकतो. छातीपर्यंतच हवे असेल तर ‘आवक्ष पुतळा’ नेमका बसतो. पेडेस्टलला चौथरा म्हटले की शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याखालचे दगडी बांधकाम आठवते, म्हणून दालनातल्या आवक्ष पुतळ्याखाली ‘उंच, अरुंद दगडी बैठक’ मागावी.

प्रकाशाला एक नाव शोधण्यापेक्षा त्याची दिशा सांगावी. फोटो समोरून फ्लॅश मारून काढलेला असला तर चेहऱ्यावर उंचसखलपणाच उरत नाही, आणि एका बाजूने उन्हात काढलेला असला तर त्यातली जुनी सावली नव्या चित्रातही तशीच राहते. नाकाची सावली एकीकडे आणि बैठकीची दुसरीकडे पडलेली दिसली की हा घोटाळा ओळखावा.

ब्राँझसाठी मी सूचना अशी लिहीन: “या फोटोतील व्यक्तीचा ब्राँझचा आवक्ष पुतळा. त्वचा, टोपी आणि चष्म्याची चौकट एकाच धातूची, चष्म्याला काचा नाहीत. बुबुळे रंगवलेली नसून खोल कोरलेली, मिशा सुट्या केसांच्या नसून गुच्छांत घडवलेल्या. धातूवर गडद तपकिरी राप, खळग्यांत काळपट, नाक-गालांच्या उंचवट्यांवर उजळ. उंच, अरुंद दगडी बैठक. वरून डावीकडून तिरपा एकच झोत, मागे गडद भिंत. मूळ फोटोतील सावल्या काढून टाकाव्यात.”

डोळ्यांचे वाक्य गाळू नये. ओले, काळे-पांढरे डोळे तसेच राहिले तर पुतळा न दिसता अंगाला रंग फासलेला माणूस दिसतो.

संगमरवरासाठी राप पूर्णपणे काढावा आणि ‘शिरा नसलेला पांढरा संगमरवर, किंचित पिवळसर झाक’ असे लिहावे, कारण शिरा मागितल्या की त्या गालावरून तड्यासारख्या जातात. या दगडात प्रकाश थोडा आत मुरतो, त्यामुळे झोत सौम्य मागावा आणि कानाच्या पाळीची कड मऊ दिसते का ते पाहावे. चष्मा मात्र इथे काढलेलाच बरा. इतकी बारीक, अधांतरी दांडी दगडात टिकत नाही, आणि चित्रात ती दिसली की जाणकाराला लगेच खटकते.

बैठकीवरची नावाची पाटी कोरी मागावी आणि नाव नंतर स्वतः टाकावे, कारण अशा चित्रांत देवनागरी जोडाक्षरे मोडू शकतात.