हरभऱ्याच्या फोनवरच्या सल्ल्याचं टिपण: बदललेल्या आकड्यांमधले ठरलेले कोणते?

प्रश्न: साहेब, सोमवारी तुमच्याशी हरभऱ्याबद्दल फोनवर बोलणं झालं. मी गटासाठी लिहून घेत होतो, पण बोलता बोलता क्षेत्र, वाण, डीएपी, पेरणीची तारीख सगळंच बदललं. वहीत आता दोन-दोन आकडे आहेत. गटाला नेमकं काय पाठवू? खोडलेले आकडेही ठेवू का?

उत्तर: नमस्कार. खोडलेले आकडे ठेवू नका. गटातला माणूस बियाणं आणायला दुकानात उभा राहून मोबाईल उघडतो आणि जो आकडा आधी दिसेल तो सांगतो. "आधी 28 म्हणाले होते, मग 40" असं लिहिलंत तर कुणीतरी 28 घेऊन येणारच.

मात्र जुना आकडा काढून नवा टाकला एवढ्याने टिपण बरोबर होत नाही. आपल्या फोनमध्ये मूळ बदल तीनच झाले. तुम्ही आधी दोन एकर म्हणालात, नंतर अर्ध्या एकरात कांदा जाणार असं लक्षात आलं आणि क्षेत्र दीड एकर झालं. वाण आधी विजय होता, तो दिग्विजय झाला. पेरणी 25 ऑक्टोबरची होती, ती 2 नोव्हेंबर ठरली. बाकीचे आकडे या तीन गोष्टींवर उभे आहेत. त्यामुळे यातली एक बदलली की तिच्यावरचं सगळं पुन्हा मोजायला हवं.

बियाण्याचंच बघा. विजयचा दाणा मध्यम, म्हणून एकरी 28 किलो पुरतं. दोन एकराचे 56 किलो झाले. दिग्विजयचा दाणा टपोरा आहे, त्याला एकरी 40 किलो लागतं, म्हणून दीड एकराला 60 किलो. फक्त वाण बदललात आणि क्षेत्र तसंच ठेवलंत तर 80 किलो येतात. फक्त क्षेत्र बदललंत तर 42. तुमच्या वहीच्या फोटोत मला 80 दिसले. हा आकडा फोनवर आपण दोघांपैकी कुणीच उच्चारलेला नाही, अर्धवट दुरुस्तीतून तो तयार झाला आहे. अशी चूक पटकन सापडत नाही, कारण तिच्यात खाडाखोड नसते.

डीएपीची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे चूक माझी होती. मी शिफारशीतला आकडा तोंडपाठ सांगितला, "सव्वाशे किलो डीएपी आणि पन्नास किलो पोटॅश", पण तो हेक्टरी आहे हे सांगायचं राहिलं. तुम्ही विचारलंत, "एकरी सव्वाशे?" तेव्हा मी दुरुस्त केलं. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, म्हणून एकरी 50 किलो डीएपी आणि 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. तुमच्या दीड एकराला दीड पोती डीएपी आणि 30 किलो पोटॅश झालं. सव्वाशे एकरी धरले असते तर जवळजवळ चार पोती आणली असती. टिपणात यापुढे "हेक्टरी" हा शब्द येऊच देऊ नका. आपले शेतकरी एकर-गुंठ्यात मोजतात, तेव्हा एकरी आकडा लिहा आणि पुढे तुमच्या रानाचा एकूण आकडा.

आता तारखा. पेरणी पुढे ढकलण्याचं कारण तुम्हीच सांगितलंत: सोयाबीनची रास अजून रानातच आहे, ती उचलून ओलवणी करायची आणि वाफसा यायला आठवडा जाणार. 2 नोव्हेंबर चालेल. बागायती हरभऱ्याची पेरणी 10 नोव्हेंबरपर्यंत उरकावी, त्यानंतर थंडीचे दिवस कमी मिळतात आणि घाटे कमी लागतात. तुमच्या वहीत पेरणीची तारीख बदलली आहे, पण पाण्याच्या तारखा 24 नोव्हेंबर आणि 24 डिसेंबर अशाच राहिल्या आहेत. त्या जुन्या पेरणीवरून मोजलेल्या होत्या. तुमची जमीन भारी काळी, तिला दोन पाणी पुरतात: पहिलं 30 ते 35 दिवसांनी, दुसरं 60 ते 65 दिवसांनी. नव्या पेरणीपासून मोजलं तर पहिलं पाणी 2 ते 7 डिसेंबर आणि दुसरं 1 ते 6 जानेवारी. जुन्या तारखेला पाणी दिलंत तर पहिलं पाणी 22 व्या दिवशीच बसेल. भारी रानात लवकर आणि जास्त पाणी झालं की हरभरा नुसता वाढतो किंवा उभळतो.

फोनवर शेवटी ऐकलेला आकडा म्हणजे ठरलेला आकडा, असंही धरू नका. फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "शेजारचे तर तीसच किलो टाकतात." वहीत ते सगळ्यात खाली आहे, म्हणून गटातल्या एकाला तेच अंतिम वाटलं. तो शेजाऱ्यांच्या रानाचा आकडा होता, आपण तो मान्य केला नव्हता. एकाने सांगितला आणि दुसऱ्याने "हो, एवढंच" म्हटलं, तोच आकडा ठरला. "हो" ऐकू आलं नसेल तर मला पुन्हा फोन करा, अंदाजाने लिहू नका.

घाटेअळीच्या फवारणीला तर तुम्ही 15 डिसेंबर लिहिलं आहे. ती तारीख ठरलेलीच नाही. मी म्हणालो होतो की फुलोऱ्याच्या सुमारास लक्ष ठेवा. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळ्यात सलग तीन दिवस 8 ते 10 पतंग आले, किंवा एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, तरच फवारणीचं बोलू. इथे अट लिहायची, तारीख नाही.

तेव्हा गटाला एवढंच पाठवा:

क्षेत्र दीड एकर, भारी जमीन, बागायती. वाण दिग्विजय.
पेरणी 2 नोव्हेंबर, दोन ओळींत 30 सेंमी, दोन रोपांत 10 सेंमी.
बियाणं एकरी 40 किलो, एकूण 60 किलो.
बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा किलोला 5 ग्रॅम, एकूण 300 ग्रॅम. रायझोबियम 10 किलोला 250 ग्रॅमचं एक पाकीट, एकूण 6 पाकिटं.
डीएपी एकरी 50 किलो, एकूण दीड पोती. पोटॅश एकरी 20 किलो, एकूण 30 किलो.
पहिलं पाणी 2 ते 7 डिसेंबर, दुसरं 1 ते 6 जानेवारी.
फवारणी: तारीख ठरलेली नाही. सापळे आणि अळ्या मोजून कळवायचं.

रायझोबियमची पाकिटंही 60 किलोवरूनच मोजली आहेत. बियाण्याचा आकडा पुन्हा कधी बदलला तर तीही बदलतील, हे लक्षात असू द्या.

पाठवण्याआधी हे मला फोनवर एकदा वाचून दाखवा, दोन मिनिटं लागतील. परवा गटावर टाकलेला वहीचा फोटो मात्र सगळ्यांसाठी डिलीट करा, नाहीतर तोच पुढे फिरत राहील. आणि त्या फोटोवरून कुणी आधीच विजयची पिशवी आणली असेल तर ते या टिपणात घालू नका, त्यांना वेगळा फोन करा. विजय हाही चांगला वाण आहे, परत करायची गरज नाही. फक्त त्यांनी एकरी 28 किलोच पेरायचं, 40 नाही.