आवाज वाढवला की फाटतो, चार्जिंगही टिकत नाही

प्रश्न: छोटा ब्लूटूथ स्पीकर आहे, आत एकच १८६५० सेल. आवाज ७० टक्क्यांपुढे नेला की फाटतो, कधी ढोलाच्या ठोक्याला बंद पडून पुन्हा चालू होतो. पूर्वी ६ तास चालायचा, आता जेमतेम दीड तास. भारी चार्जर घेतला तर सुधारेल का?

उत्तर: चार्जरने हे सुधारणार नाही. ठोक्याला बंद पडणं आणि दीड तासात संपणं, दोन्हींचा रोख जुन्या सेलकडे आहे. सेल जुना होतो तेव्हा क्षमता घटतेच, शिवाय त्याचा आतला रोध वाढतो. समजा ठोक्याला दीड अँपिअर ओढला जातो. चांगल्या सेलचा रोध ०.०७ ओहम धरला तर व्होल्टेज ०.१ ने पडतं, ३.७ चं ३.६ होतं. रोध ०.४ ओहम झाला तर ०.६ ने पडतं आणि ॲम्प्लिफायरला ३.१ च मिळतात. ४ ओहमच्या स्पीकरवर न फाटता मिळणारी ताकद त्यामुळे साधारण १.६ वॅटवरून १.२ वर येते. त्यापुढे लाटेचं टोक कापलं जातं, तेच फाटणं. व्होल्टेज अजून खाली गेलं की ब्लूटूथची चिप रीसेट होते.

खात्री करायला पूर्ण चार्ज करून तेच गाणं त्याच आवाजावर लावा. सुरुवातीला स्वच्छ वाजून अर्ध्या-पाऊण तासाने फाटू लागलं तर दोष सेलचा. पहिल्या मिनिटापासून फाटत असेल तर आधी फोनमधला इक्वलायझर बंद करा. बास ६ डेसिबलने वाढवला की त्या भागाला चौपट ताकद लागते. तरीही फाटलं तर ती ॲम्प्लिफायरची मर्यादा असू शकते, खोक्यावर कितीही वॅट छापलेले असोत. अगदी कमी आवाजावरही खरखर असेल तर मात्र कोन फाटलाय किंवा कॉइल घासतेय.

नवा सेल २२०० ते ३००० एमएएचचा घ्या. ९९०० छापलेला दिसला तर सरळ परत ठेवा, १८६५० मध्ये तेवढं मावतच नाही. खरा सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो, असले सेल बरेचदा हलके लागतात. टोकांना धातूच्या पट्ट्या स्पॉट-वेल्ड केलेला सेल मागा आणि वायर पट्टीलाच जोडा. थेट सेलवर सोल्डरिंग केलं तर उष्णतेने तो बिघडतो. जुन्या सेलवर संरक्षणाचं छोटं सर्किट असेल आणि नव्यावर नसेल, तर तसा सेल बसवू नका. सेल फुगलेला असेल तर चार्जिंग आजच थांबवा.

चार्जर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा साधा, नीट कंपनीचा पुरे. किती करंट घ्यायचा ते स्पीकरमधली चार्जिंग चिप ठरवते, त्यामुळे ६५ वॅटचा लावूनही वेळ तेवढाच लागणार. चार्ज होताना वाजवल्यावर गुणगुण येत असेल तर तेवढ्यापुरता चार्जर किंवा केबल बदलून बघा.