चवथीची गोळी आणि एका आईचं पत्र

"मुलगी दहावीत आहे, पंधरा वर्षांची. पाळी, कोणाला नाही कसं म्हणायचं, पुढे लागणारी गर्भनिरोधकं, सगळं पत्रात लिहावं म्हणते. तोंडाने जमत नाही. पण गर्भनिरोधकांचं आत्ताच सांगितलं तर परवानगी दिल्यासारखं होईल ना?"

डिचोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या आयांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहावंच म्हटलं. ही गोष्ट त्यांतल्या एकीची, ओळखीच्या खुणा बदलून.

त्यांनी चार पानी मसुदा आणला होता. पाळीबद्दल नीटच लिहिलं होतं. मधे एक वाक्य होतं : 'तुझ्या शरीराबद्दल कोणालाही परस्पर ठरवू देऊ नकोस.' मी तिथे बोट ठेवलं. "आजवर असं परस्पर कोणी ठरवलंय का?"

त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. मी बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला जमतं, आणि माझ्या मते या कामातलं अर्धं कौशल्य तेच आहे.

"मीच," त्या म्हणाल्या. "गणपतीत, चवथीला. तिची तारीख नेमकी सणात येत होती. सासूबाईंना चालत नाही. मी फार्मसीतून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या आणि ताकदीच्या म्हणून तिला दिल्या."

मुलीने पाकिटावरचं नाव वाचलं होतं. वर्गातल्या मैत्रिणीने सांगितलं, "याच गोळ्यांनी मूल राहत नाही." आई खोटं बोलली हे कळलं होतंच, त्यात हे चुकीचं ज्ञान. परवानगीची काळजी करणाऱ्या आईच्या हातूनच गर्भनिरोधकांचा पहिला धडा गेला होता, आणि तोही चुकीचा.

मी म्हटलं, "पत्र इथून सुरू करा."

आधी त्या तयार नव्हत्या. आईने मुलीची माफी मागायची? दोन भेटी त्यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत आणलेलं पत्र असं सुरू होत होतं :

'बाय, चवथीला तुला दिलेल्या गोळ्या ताकदीच्या नव्हत्या. तुला विचारायला हवं होतं. तू नाही म्हटली असतीस तर मी आजीला सांगायला हवं होतं. चुकलं माझं.'

संमती म्हणजे काय, यावर मी याहून चांगला परिच्छेद वाचलेला नाही. खरी माहिती देऊन विचारणं आणि 'नाही' ऐकायची तयारी ठेवणं, दोन्ही त्यात आलं. पुढे त्यांनी एवढंच जोडलं की 'हो' म्हटल्यावरही मधेच थांबवता येतं, आणि भीतीने गप्प राहणं म्हणजे 'हो' नव्हे. कायद्याची ओळ मी सुचवली : 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती धरलीच जात नाही. मात्र ती धमकीच्या सुरात लिहू नका म्हटलं, नाहीतर काही विपरीत घडलं तर मुलगी सगळ्यात आधी आईपासूनच लपवेल.

मग गोळ्यांचा गुंता. पाळी लांबवायची गोळी, नॉरएथिस्टेरॉन, साधारणपणे पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा घेतात, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. अशी चार दिवस घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नसते. शिवाय ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, कारण रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असलेल्या बाईला ती धोक्याची ठरू शकते. रोजची गर्भनिरोधक गोळी वेगळी, ती नेमाने घेतली तरच उपयोगाची. तातडीची गोळी आणखी वेगळी. संबंधानंतर जितक्या लवकर तितकी बरी, 72 तासांच्या आत. ती बीज बाहेर पडणं लांबवते, म्हणून बीज आधीच सुटलं असेल तर तिचा भरवसा नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. यांतली कुठलीच गोळी संसर्ग अडवत नाही. त्यासाठी निरोधच.

"एवढं सगळं पंधराव्या वर्षी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "अर्धं तिने वर्गात ऐकलंय, तेही उलटं. तुम्ही परवानगी देत नाही आहात, मैत्रिणीची चूक दुरुस्त करताय." मूल ऐकत नाही ते माहितीमुळे नव्हे, सूर बिनसल्यामुळे, असं माझं जुनं मत आहे. काही सहकाऱ्यांना ते भाबडं वाटतं.

वयाप्रमाणे निवड बदलेल, तेव्हा डॉक्टरांकडे दोघी जाऊ, असं लिहून त्यांनी तो भाग संपवला. तांबी वगैरेंचा तपशील आम्ही मुद्दाम गाळला. पाळीच्या भागात मी एकच भर घातली : तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, किंवा तीन महिने पाळीच आली नाही, तर थांबायचं नाही, लगेच सांगायचं.

पत्र उशीखाली ठेवलं. चार दिवस घरात त्यावर चकार शब्द नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या डब्याच्या पिशवीत तेच पत्र परत आलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं :

'पुढच्या चवथीला तारीख आली तर गोळी नको. गणपतीवरची फळांची माटोळी बांधताना मी खालून फळं देणार. आजीला तू सांगशील की मी?'

तो कागद माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "आता काय लिहू?"

"ते तिलाच विचारा," मी म्हटलं.