रुंद मुलाखतीचं ४:५ करताना माणूस आणि नाव कसं वाचवायचं?

प्रश्न: १९२०×१०८० ची मुलाखत फीडसाठी उभी केली की नावाची पट्टी कापली जाते आणि बोलणारा कडेला जातो. काय करू?

आधी नावाची पट्टी नसलेली स्वच्छ एडिट काढा. चित्रातच पक्की बसलेली अक्षरं क्रॉपमध्ये टिकतच नाहीत, म्हणून नावं शेवटी नव्याने, दोन ओळींत बसवा.

मग १०८०×१३५० ची नवी सिक्वेन्स घ्या आणि क्लिप १२५ टक्के स्केल करा. आता मूळ रुंदीपैकी फक्त ८६४ पिक्सेल दिसतात, म्हणजे निम्म्याहून कमी. समजा, माणूस डाव्या कडेपासून ४८० पिक्सेलवर बसून उजवीकडे बघतोय. प्रीमियरमध्ये पोझिशनचा एक्स ११४० ठेवला की तो बरोबर मध्ये येतो. मी १०४० ठेवेन, म्हणजे तो थोडा डावीकडे सरकतो आणि नजरेसमोर मोकळी जागा राहते. एक्स १२०० च्या वर किंवा उणे १२० च्या खाली गेला, तर कडेला काळी पट्टी दिसेल.

दोघं आळीपाळीने बोलत असतील तर कीफ्रेम देऊन फ्रेम इकडून तिकडे सरकवू नका, ते फार खोटं दिसतं. वाक्य संपतं तिथे क्लिप कापा आणि पुढच्या तुकड्याची पोझिशन बदला. दोघं एकत्र दिसायलाच हवेत आणि ८६४ मध्ये मावत नसतील, तेव्हा शॉट पूर्ण रुंदीचा ठेवा: १०८० रुंद, सुमारे ६०८ उंच. नाव खालच्या रिकाम्या जागेत टाका.

एचडी फुटेज १२५ टक्क्यांवर किंचित मऊ पडतं. फोरके असेल तर स्केल ६२.५ येतो आणि धार टिकते.