गच्चीचं पाणी बोअरला: गाळटाकी आणि फिल्टर

लातूरला गच्चीचं पाणी पाइपनं सरळ बोअरच्या केसिंगमध्ये सोडलं तर चालेल का?

नाही. गाळानं खडकातल्या भेगा बुजल्या की बोअर गेलाच म्हणा. आधी गाळटाकी बांधा आणि तिचा बाहेरचा पाइप तळापासून फूटभर वर ठेवा, म्हणजे माती खाली बसते. पुढच्या फिल्टरटाकीत तळाला मोठी खडी, मधे बारीक खडी, मग जाळी आणि वर जाड वाळू. केसिंगला जोड या टाकीच्या तळातून, तोंडाला जाळी बांधून. पहिला पाऊस व्हॉल्व्हनं बाहेर सोडा. कबुतरांची घाण त्यातच असते. 1,000 चौरस फुटांवर 25 मिमी पडला तर अंदाजे 1,800 लिटर आत जातं. आमच्याकडं पाऊस थांबून तास झाला तरी वाळूवर पाणी तुंबलेलं! वरची दोन इंच वाळू काढून धुतली, तेव्हा उतरलं.