बीगलच्या पिल्लाचे फोटो खरे आहेत की चोरलेले, कसं ओळखायचं?

प्रश्न: फेसबुकवर बीगलचं पिल्लू बघितलंय, विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ४ फोटो पाठवलेत आणि ५ हजार टोकन मागतोय. फोटो चोरलेले किंवा एआयने बनवलेले आहेत का ते कसं कळेल?

उत्तर: आधी टोकन देऊ नका. मी पुण्यात दत्तक देण्याघेण्याच्या कामात मदत करते, त्यामुळे असे फोटो रोज कोणी ना कोणी पाठवत असतं.

एकेक फोटो झूम करून "हा एआयचा वाटतोय का" असं बघत बसू नका, आता एकटा फोटो बघून काही कळत नाही. चारही फोटो एकमेकांशी ताडून बघा. बीगलचं यात सोपं पडतं कारण त्याच्या अंगावर खुणा भरपूर असतात. कपाळावरचा पांढरा पट्टा, मानेभोवतीचं पांढरं, पाठीवरचा काळा डाग कुठे संपतो, पायांवरचे डाग. यातल्या तीन खुणा निवडा आणि त्या प्रत्येक फोटोत शोधा, आणि हो, डावं-उजवं नेहमी कुत्र्याचं धरा, तो तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर त्याचा उजवा पाय तुमच्या डाव्या हाताला दिसतो, इथेच गोंधळ होतो सगळ्यांचा.

माझ्या मैत्रिणीला आलेले फोटो सांगते. पहिल्यात पिल्लू समोरून, पट्टा वर जाताना त्याच्या उजव्या डोळ्याकडे वळलेला आणि उजव्या पुढच्या पायावर नखांच्या वर तपकिरी डाग. दुसऱ्या फोटोत पट्टा डावीकडे आणि डागही डाव्या पायावर. दोन्ही खुणा एकदम बाजू बदलतात म्हणजे फोटो उलटा केलेला आहे. सेल्फी कॅमेऱ्यानेही असं होतं, म्हणून लगेच चोर म्हणायचं नाही, पण इमेज सर्चला चकवायला फोटो मुद्दाम असा उलटवतातही. मागे खाद्याच्या पाकिटावरची अक्षरंही उलटी होती. आम्ही गॅलरीत एडिटमध्ये जाऊन फोटो परत फ्लिप केला आणि गूगल लेन्समध्ये टाकला, तर परदेशातल्या एका ब्रीडरची जुनी पोस्ट निघाली, तोच फोटो, तेच पाकीट. उलट्या फोटोवर लेन्सने काहीच दाखवलं नव्हतं.

चौथा फोटो वेगळाच निघाला. चेहरा हुबेहूब, पट्ट्याचं वळणही बरोबर, पण पायावरचा डाग गायब. एकच खूण बदलली आणि बाकीच्या जागच्या जागी, तर फ्लिप केल्याने तसं होत नाही. एका समोरच्या फोटोवरून एआयने नवीन फोटो बनवला की चेहरा छान उतरतो, पण जो भाग मूळ फोटोत नव्हता तो मनाने भरला जातो आणि बारीक डाग तर बऱ्याचदा हुकतात. म्हणून कुशीवरून, मागून, पोटाकडून काढलेले फोटो मागा.

वाढत्या पिल्लाचा रंग बदलतो हेही लक्षात ठेवा. बीगलचा काळा भाग हळूहळू तपकिरी होतो, कपाळाचा पट्टा बारीक होतो, पांढऱ्यावर ठिपके नंतर उमटू शकतात. त्यामुळे महिनाभराच्या अंतराने काढलेल्या फोटोंत रंगाची छटा वेगळी असेल तर संशय नको, पट्ट्याचं वळण कुठल्या बाजूला आहे ते बघा. बीगल नसून एकाच रंगाचं लॅब वगैरे असेल तर नखांचा रंग आणि तळव्यांवरचे गुलाबी-काळे भाग ताडा.

आता यातली अडचण. कोणी एकाच ब्रीडरचा अख्खा अल्बम उचलला असेल तर सगळे फोटो एकमेकांशी बरोबर जुळतील, कारण पिल्लू खरंच एकच आहे, फक्त विकणाऱ्याकडे नाहीये. तेव्हा व्हिडिओ कॉल करा आणि कॉलवर सांगा की पिल्लाला उताणं करा, डावा कान उचला, मागचा पाय दाखवा. तुम्ही कोणती खूण बघताय ते आधी अजिबात बोलू नका, कॉलमधल्या पिल्लावर त्या तीन खुणा तुम्हीच शोधा. कारण कॉलवर भलतंच पिल्लू दाखवून "हेच ते" म्हणणारेही आहेत. "पिल्लू झोपलंय", "नेटवर्क नाही" असं तीनतीनदा ऐकू आलं तर सोडून द्या.

तारीख-जागा फोटोच्या माहितीत बघा असं कोणी सांगेल, पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ती माहिती निघून जाते, त्यात वेळ घालवू नका.

आणि वय विचारा. २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ४५ दिवसांचं पिल्लू देतोय म्हणाला तर फोटो खरे असले तरी घेऊ नका, आईपासून इतक्या लवकर तोडलेल्या पिल्लाचे हाल होतात. नोंदणी नंबर मागा, पत्ता घ्या, जाऊन आईसकट बघा आणि पैसे तिथेच द्या. टोकन आधीच गेलं असेल तर आत्ता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, चॅट डिलीट करू नका.